ईसीजी नॉर्मल आला, तरी पुन्हा का काढायचा?

प्रश्न: वडील ५८ वर्षांचे, शुगर आहे. काल रात्री साडेदहाला जेवण झाल्यावर छातीत दाबल्यासारखं झालं, अर्धा-पाऊण तास राहिलं, मग कमी झालं. साडेअकराला जवळच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला. गॅस आहे म्हणून गोळी दिली. आज सकाळी जिना चढताना परत थोडं दुखलं. दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये नेलं तर ते म्हणतात परत ईसीजी, ट्रोपोनिन, तीन तासांनी पुन्हा ट्रोपोनिन, आणि दिवसभर ठेवून घेऊ. ईसीजी नॉर्मल असताना हे सगळं कशाला? बिल वाढवायचा प्रकार आहे का?

वडील अजून त्या हॉस्पिटलात असतील तर त्यांना तिथेच राहू द्या. घरी आणलं असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी त्यांना परत न्या. दुखणं चालू असेल तर १०८ला फोन करा, मोटारसायकलवर मागे बसवून नेऊ नका.

मी तालुक्याच्या गावात पंचवीसहून जास्त वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. बिलाची शंका आली म्हणून मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. कट प्रॅक्टिस आपल्याकडे आहे, आणि ती नाही असं सांगणारा डॉक्टर मलाही खोटा वाटतो. पण तुमच्या अडचणीचं मूळ बिलात नाही. रात्री साडेअकराला, दुखणं थांबल्यावर काढलेला कागद आज सकाळच्या दुखण्याबद्दल काही सांगू शकतो का, हा खरा मुद्दा आहे. तो कागद तेवढं सांगू शकत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी जे सांगितलं, तेच मी सांगितलं असतं.

ईसीजी हृदयाच्या स्नायूत खेळणारी वीज टिपतो, तीही साधारण दहा सेकंदांपुरती. रक्तवाहिनी त्याला दिसतच नाही. शेतकरी घरातले असाल तर लगेच लक्षात येईल: जमिनीखालची पाइपलाइन गाळाने अर्ध्याहून जास्त भरली तरी वरचं पीक हिरवंगार असतं. पाणी फारच कमी पडलं किंवा बंद झालं की काही वेळाने पान मलूल होतं. ईसीजी म्हणजे पानाकडे बघणं. म्हणून वाहिनीत सत्तर-ऐंशी टक्के अडथळा असलेला माणूस खुर्चीत शांत बसलेला असेल, तर त्याचा ईसीजी अगदी सरळ येऊ शकतो. 'ईसीजी नॉर्मल, म्हणजे ब्लॉकेज नाही' हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय, तितक्यांदा ते चुकीचं होतं.

याचा अर्थ नॉर्मल ईसीजीला किंमत नाही, असा नाही. छातीत दुखणारा माणूस दारात आला की दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा, हा जगभरचा नियम आहे आणि तो एका मोठ्या कारणासाठी आहे. मोठी वाहिनी पूर्ण बंद पडून स्नायूचा मोठा भाग धोक्यात आला असेल, तर बहुतेक वेळा पट्टीवर एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो. तो दिसला की रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन किंवा थेट अँजिओप्लास्टी, हा निर्णय तिथल्या तिथे घ्यावा लागतो. पट्टी नॉर्मल असेल तर त्या क्षणी तरी ती घाई नाही, ठोक्यांची लय ठीक आहे, आणि पट्टीत बदल असलेल्या माणसापेक्षा या माणसाचा धोका कमी आहे. कमी म्हणजे शून्य मात्र नाही. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या आणि ईसीजी पूर्ण नॉर्मल असलेल्या शंभरांपैकी एक ते सहा जणांना हार्ट अटॅकच होता असं पुढे सिद्ध होतं, असं अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवलेलं आहे. तुमच्या वडिलांचं वय, शुगर आणि दुखण्याची तऱ्हा पाहता मी त्यांना त्या शंभरातल्या निर्धास्त लोकांत बसवणार नाही.

आता पट्टी फसवते कशी, ते बघू. एक कारण वेळेचं आहे. वाहिनीतली गुठळी एका जागी पक्की बसून राहत नाही. ती वाहिनी बंद करते, थोडी विरघळते, रक्त पुन्हा वाहतं, मग परत बंद करते. दुखणंही तसंच येतं-जातं. वाहिनी उघडी असताना काढलेली पट्टी साहजिकच सरळ येते. उलट, अगदी सुरुवातीच्या मिनिटांत बदल इतके बारीक असतात की सरावलेल्या डोळ्यालाही खात्री देता येत नाही. म्हणून दुखणं चालू असेल आणि पहिली पट्टी काही सांगत नसेल, तर पहिल्या तासात दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुन्हा ईसीजी काढायचा असतो. दुखणं वाढलं तर घड्याळाकडे न बघता लगेच.

दुसरं कारण जागेचं आहे. छातीवर आपण सहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावतो, ते सगळे पुढे आणि डाव्या कुशीला. हृदयाचा मागचा भाग पाठीकडे असतो आणि तिकडे कोणी बघतच नाही. त्या भागाला बऱ्याच जणांत सर्कमफ्लेक्स नावाची वाहिनी रक्त पुरवते, आणि ती बंद पडली तर नेहमीची पट्टी अगदी साळसूद दिसू शकते.

यावरची एक केस सांगतो, ओळख पटू नये इतपत बदल करून. दुधाचा टेम्पो चालवणारा माणूस, वय ४६, तंबाखूची सवय. सकाळी साडेसहाला कॅन चढवताना छातीच्या मधोमध दाब आला, घाम फुटला. सव्वासातला माझ्याकडे आला. ७.२५ला पहिला ईसीजी काढला, नॉर्मल. मशीननेही वर तसंच छापलं होतं. पण माणूस बरा दिसत नव्हता. चेहरा फिका, कपाळ ओलं, आणि दुखणं कुठे आहे विचारलं तर बोट न लावता अख्खी मूठ छातीवर ठेवली. मी अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला दिली आणि खाटेवरून हलू दिलं नाही. ७.४५ची दुसरी पट्टी पहिल्यासारखीच. हृदयाला इजा झाली का हे दाखवणाऱ्या ट्रोपोनिन या रक्ततपासणीचं कार्ड लावलं, निगेटिव्ह. त्याचा भाऊ म्हणाला, "सर, दोन-दोन टेस्ट चांगल्या आल्या, दूध नासतंय, जाऊ का?"

८.०५ला तिसरी पट्टी काढली आणि तिन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. व्ही २ आणि व्ही ३ या पुढच्या दोन जागी एसटी जेमतेम एक मिलिमीटर खाली गेला होता. पहिली पट्टी हाताशी नसती तर मी कदाचित 'किरकोळ आहे' म्हटलं असतं. पण चाळीस मिनिटांपूर्वी ते तिथे नव्हतं. पुढून खाली दिसणारा एसटी म्हणजे मागच्या भिंतीवर वर उचललेल्या एसटीचं आरशातलं उलटं चित्र असू शकतं. म्हणून त्याला कुशीवर वळवलं आणि व्ही ४, व्ही ५, व्ही ६च्या वायरी काढून त्याच उंचीवर मागे नेल्या: एक काखेच्या मागच्या रेषेवर, एक खवाट्याच्या खालच्या टोकाखाली, एक मणक्याच्या डाव्या बाजूला. या जागांना व्ही ७, व्ही ८, व्ही ९ म्हणतात. तिथे एसटी एक मिलिमीटर वर होता. पाठीवर अर्धा मिलिमीटरही पुरेसा धरतात.

अँजिओप्लास्टीची सोय असलेलं हॉस्पिटल घाट उतरून दोन तासांवर. तेवढा वेळ लागणार असेल तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं आणि मग पाठवायचं, असा हिशोब असतो. रक्तस्रावाचा धोका नाही ना, हे विचारून-तपासून ८.२५ला इंजेक्शन दिलं, पाऊण तासात दुखणं ओसरलं, आणि अँब्युलन्सने तो पुढे गेला. तिकडे अँजिओग्राफीत सर्कमफ्लेक्स ९५ टक्के अरुंद निघाली, स्टेंट टाकला. दुपारी तिथे केलेलं ट्रोपोनिन भरपूर वाढलेलं होतं. सकाळचं कार्ड निगेटिव्ह होतं, कारण मी ते दुखणं सुरू झाल्यावर सव्वा-दीड तासात केलं होतं. चूक कार्डाची नव्हती, वेळच झाली नव्हती.

इथून ट्रोपोनिनकडे येतो, कारण तुमच्या शंकेत 'पुन्हा ट्रोपोनिन' हा भाग मोठा आहे. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूपेशींमधलं प्रथिन. पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या तपासणीत किंवा कार्डावर ते दिसायला तीन ते सहा तास जातात. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन नावाची नवी तपासणी फार कमी प्रमाणही पकडते, त्यामुळे दोन नमुन्यांमधलं अंतर एक ते तीन तासांवर आणता आलंय. पण तिथेही बहुतेकांना दोन नमुने लागतातच, कारण आम्हाला एका आकड्यापेक्षा तो किती हलतो हे बघायचं असतं.

समजा, एकाचं ट्रोपोनिन टी पहिल्यांदा ९ आलं. लॅबच्या कागदावर १४ पर्यंत नॉर्मल लिहिलंय, म्हणजे चांगलं. तीन तासांनी ४१ आलं, तर हृदयाला आत्ता इजा होतेय, ईसीजी कितीही सरळ असो. दुसरा माणूस किडनीचा जुना पेशंट. त्याचं पहिल्यांदा ५८, तीन तासांनी ६०. आकडा मोठा आहे, पण जागचा हलला नाही. बहुधा तो त्याचा रोजचाच आकडा आहे. एकदाच तपासलं असतं तर पहिल्याला घरी पाठवलं असतं आणि दुसऱ्याला उगाच घाबरवलं असतं.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत घड्याळ जरा गुंतागुंतीचं आहे. फक्त काल रात्रीचंच दुखणं असतं, तर आज सकाळी दहाला, म्हणजे जवळजवळ बारा तासांनी, केलेल्या एका चांगल्या ट्रोपोनिनवर रात्री अटॅक येऊन गेला की नाही हे बऱ्यापैकी सांगता आलं असतं. पण जिन्यावरच्या दुखण्याने घड्याळ पुन्हा शून्यावर आलं. आता मोजायचं ते सकाळच्या दुखण्यापासून. म्हणून तीन तासांनी पुन्हा. यात मला काहीही वावगं दिसत नाही.

बरं, दोन्ही ट्रोपोनिन आणि सगळे ईसीजी चांगले आले तर सुटलो का? हार्ट अटॅक नाही, एवढं म्हणता येईल. पण चालताना किंवा चढताना नव्याने सुरू झालेलं दुखणं, जे आठवडाभरापूर्वी नव्हतं, ते वाहिनी अरुंद होत चालल्याचं लक्षण असू शकतं. यात पेशी मरत नाहीत, त्यामुळे ट्रोपोनिन वाढत नाही. दुखणं नसताना ईसीजीही सरळ. याला अनस्टेबल अँजायना म्हणतात, आणि हे बऱ्याचदा पेशंटने सांगितलेल्या हकीकतीवरूनच ओळखावं लागतं. त्यामुळे वडिलांना नीट विचारा: जिन्यावर थांबल्यावर दुखणं किती मिनिटांत गेलं? हात, जबडा, पाठ यांत काही गेलं का? गेल्या महिन्यात चालण्याचा वेग कमी झालाय का? आपली आधीच्या पिढीतली मंडळी 'काही नाही रे, गॅस धरलाय' म्हणून मोकळी होतात. पोटातल्या गॅसला जिना कळत नाही. चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं हे माझ्या लेखी हृदयाचं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर.

ढेकर आला किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधाने बरं वाटलं, म्हणून हृदय सुटत नाही. जिभेखालच्या सॉर्बिट्रेटने बरं वाटलं, म्हणून हृदयच आहे हेही ठरत नाही. अन्ननलिकेच्या आचक्यांचं दुखणंही त्याने कमी होतं. शेजाऱ्याची गोळी तशीच देऊ नका, बीपी एकदम पडू शकतं.

शुगरबद्दल एक कबुली द्यायची आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत एका साठीच्या शिक्षिका बाईंना मी घरी पाठवलं होतं. जुनी शुगर, पोटाच्या वरच्या बाजूला जळजळ आणि थोडा दम, एवढीच तक्रार. एक ईसीजी काढला, नॉर्मल. अ‍ॅसिडिटीचं औषध लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या परत आल्या, तेव्हाच्या पट्टीवर अटॅक येऊन गेल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. त्या वाचल्या, पण हृदय कायमचं अशक्त राहिलं. शुगर असलेल्यांत, म्हाताऱ्यांत आणि बायकांत दुखणं नेहमीच्या जागी, नेहमीच्या तऱ्हेने येईलच असं नाही, हे मी वाचलेलं होतं. तरी त्या दिवशी मी कागदावर विसंबलो. दुसरा ईसीजी एका तासाने काढायला मला काहीच अडचण नव्हती.

पट्टी नॉर्मल आणि दुखणं भयंकर, अशा जोडीत मला हृदयाच्या वाहिन्यांपेक्षाही दुसऱ्याच एका गोष्टीची भीती वाटते. शरीरातली सगळ्यात मोठी धमनी आतून फाटत जाणं. दुखणं एकदम, पहिल्या क्षणापासून पराकोटीचं असतं आणि पाठीत जातं. ईसीजी सरळ असू शकतो. म्हणून मी दोन्ही हातांचं बीपी बघतो. वीसपेक्षा जास्त फरक आला की सीटी स्कॅनशिवाय पुढे जात नाही, कारण तिथे रक्त पातळ करणारं औषध दिलं तर जीवावर बेततं. तसंच पायातली गुठळी फुप्फुसात गेली तरी पट्टीवर कधी कधी फक्त ठोके वाढलेले दिसतात, कधी तेही नाही. तुमच्या वडिलांचं वर्णन या दोन्हींत बसत नाही, पण तपासणारा डॉक्टर हे मनात धरून असला पाहिजे.

काय-काय करावं लागेल हे परिस्थितीवर आहे, तेही सांगतो. पंचविशीतला मुलगा, बोटाने दाबलं की दुखतं, खोकल्याने वाढतं, पट्टी सरळ: त्याला मी एका ईसीजीवर घरी पाठवतो आणि शांत झोपतो. तुमच्या वडिलांना नाही. आजच्या तपासण्या चांगल्या आल्या आणि दिवसभर पुन्हा दुखलं नाही, तर पुढे कोणती तपासणी करायची हे तिथले डॉक्टर ठरवतील: टू-डी इको, वाहिन्यांचं सीटी, स्ट्रेस टेस्ट किंवा सरळ अँजिओग्राफी. मात्र दुखणं ताजं असताना, ट्रोपोनिनचा निकाल यायच्या आधी कुणी ट्रेडमिलवर पळवायला निघालं, तर नाही म्हणा. इथे बिलाची शंका जरूर घ्या. तशीच ती, ट्रोपोनिन हललेलं नाही, पट्ट्या सारख्या आहेत, दुखणंही नाही आणि तरी कुणी 'आत्ताच्या आत्ता स्टेंट टाका, नाहीतर गॅरंटी नाही' म्हणत असेल, तेव्हाही घ्या. तिथे कागद घेऊन दुसरं मत विचारायला वेळ असतो. आजच्या दुसऱ्या ईसीजीसाठी आणि रक्ताच्या नमुन्यासाठी तो नाही.

आता लगेच करायचं एक काम. काल रात्रीची पट्टी त्या डॉक्टरांकडून मागून घ्या, नसेल देत तर मोबाइलवर फोटो मागवा, आणि आजच्या डॉक्टरांच्या हातात द्या. जुनी पट्टी शेजारी ठेवल्याशिवाय नवी पट्टी नीट वाचता येत नाही, टेम्पोवाल्याचं पाहिलंतच. विशेषतः रात्री सरळ असलेली व्ही २, व्ही ३ मधली टी लहर आज दुखणं नसतानाही उलटी झालेली दिसली, तर पुढची मुख्य वाहिनी वरच्याच टप्प्यात अरुंद असल्याची शंका घ्यावी लागते. वर मशीनने 'नॉर्मल' छापलंय की नाही याकडे लक्ष देऊ नका. इलेक्ट्रोड एक फासळी वर लागला तरी पट्टी बदलते, आणि मशीनला ते कळत नाही. प्रत्येक पट्टीवर पेनने वेळ लिहून घ्या, आणि शेजारी 'दुखत होतं' की 'दुखत नव्हतं' हेही. फोटो आजच काढून ठेवा, कारण तो थर्मल कागद असतो. पाकिटात घडी करून ठेवला तर वर्षभरात पांढरा पडतो, आणि पुढच्या वेळी तुमच्याकडे तुलनेला काहीच उरत नाही.